जावक क्रमांक नसलेलं पत्र

"ते 'आपण' काढा, सर."

"काहून काढू? 'आपण' म्हणजे 'तुम्ही'च्याही वरचं. पोरांना मीच शिकवतो, करुणा."

"वरचं हायेच की. इतकं वरचं हाय, की खालच्या माणसाचा हात पुरत न्हाई तिथवर."

"मान द्यायला निघालो तर तू मलाच बोलून राहिलीस!"

"मान देऊन नका राहू. पत्र लिवा."

गोरेगावच्या बाजाररस्त्याला, जीपा लागतात त्याच्या थोडं अलीकडं, 'करुणा टायपिंग व झेरॉक्स' नावाचं दुकान आहे. दहा बाय आठची जागा. एक संगणक, एक प्रिंटर, एक झेरॉक्सचं धूड, आणि गिऱ्हाइकासाठी एकच स्टूल. त्या स्टुलावर त्या दिवशी धम्मदीप सर बसले होते. जवळच्या वाडीवरच्या शाळेचे मुख्याध्यापक. हातात शाळेच्या लेटरहेडचे दोन कागद आणि दोन्ही पत्रांचे कच्चे मसुदे, वरच्या खिशात शाईची डबी आणि गोल शिक्का.

काम साधं होतं. शाळेची नवी इमारत बांधून झाली होती आणि सोमवारपासून तिथं वर्ग भरणार होते. दोन निमंत्रणं टाइप करायची होती. एक शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक बाबूसिंग राठोड यांना. दुसरं याच शाळेत तेहतीस वर्षं शिपाई राहून निवृत्त झालेल्या किशनरावांना. नव्या इमारतीतली पहिली घंटा किशनरावांच्या हातून व्हावी, असं सरांच्या मनात होतं.

"मजकूर एकच," सर आल्या आल्या म्हणाले होते. "फक्त नाव अन् एखादी ओळ बदल."

करुणानं मजकूर वाचला होता आणि कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले होते. किशनराव तिचे वडील.

करुणाचे हात मांडीवर गेले की बाजारातली माणसं ओळखतात, आता ही काहीतरी विचारणार. तिची ख्यातीच तशी आहे. झेरॉक्स गावात तीन ठिकाणी निघते, टायपिंग दोन ठिकाणी होतं. पण पत्र 'बघून घ्यायला' माणसं हिच्याकडं येतात. पतपेढीतला दिपक साहेबांना रजेचा अर्ज घेऊन आला, वर लिहिलेलं 'प्रिय साहेब'. करुणा म्हणाली, "दिपकभाऊ, साहेबावर प्रेम हाय का रजा पायजे? 'महोदय' लिवा." सटवाजीनं सासऱ्यांना पत्र लिहून खाली 'आपला विश्वासू' अशी सही ठोकली होती. करुणानं विचारलं, "सासऱ्याचं घर हाय का तहसील? 'तुमचा' लिवा, पुरं झालं." आणि अनुसयाबाई भावाला पत्र सांगायला बसल्या, तेव्हा करुणानंच एकदा चुकून 'तुम्ही' टाइप केलं. म्हातारी भडकली. "खोड ते! भावाला तुमी लिवलं तर तो म्हनंल बहीण रुसली. माझी वाटणी मागाया निघाली म्हनंल."

त्या दिवसापासून करुणानं एक रीत धरली. पत्र लिहून झालं की लिहिणाऱ्यालाच मोठ्यानं वाचायला लावायचं. जीभ जिथं अडते तिथं पत्र चुकलेलं असतं.

पण ही करुणा पहिल्यापासून अशी नव्हती. हिंगोलीला टायपिंगच्या क्लासला जायची तेव्हा तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "समोरच्या कागदावर जे आहे ते उमटवायचं. टायपिस्टला डोळे असतात, मत नसतं." मराठी तीस, मराठी चाळीस, दोन्ही परीक्षा ती याच वाक्यावर पास झाली. दुकान टाकलं तेव्हाही तिची बोटं तशीच चालायची. नवरा विकास जीप चालवतो, तो चेष्टेनं म्हणायचा, "हिला कुणी हिचीच पत्रिका दिली तरी न वाचता छापून देईल."

तसंच झालं होतं. दीड वर्षापूर्वी.

"बरं, आधी बाबूसिंग सरांचं करू," करुणा म्हणाली. "त्यांना बोलताना काय म्हणता?"

"बाबूसिंगला? अरे-तुरे. डी.एड.ला एका खोलीत होतो. माझा टॉवेल वापरायचा."

"मग पत्रात 'आपण' कसं काय लिवलं?"

"पत्र त्याच्या टेबलावर पडणार. त्याचे गुरुजी वाचणार. तिथं 'अरे बाबू ये' लिहू का?"

"बराबर. मैतर असला तरी खुर्चीवरचा माणूस हाय. तिथं 'आपण' शोभतं." तिनं भराभर टाइप केलं आणि कागद काढून दिला. "वाचा."

सरांनी वाचलं. "प्रिय बाबूसिंग सर, सप्रेम नमस्कार. सोमवारी सकाळी दहा वाजता आमच्या शाळेच्या नव्या इमारतीत वर्ग सुरू होत आहेत. आपण वेळात वेळ काढून यावे, ही विनंती. कळावे, लोभ असावा. आपला स्नेहांकित, धम्मदीप."

"अडलं कुठं?"

"न्हाई."

"झालं मग. आता यावर जावक क्रमांक टाका, शिक्का मारा, काय करायचं ते करा. आता दुसरं."

दुसरा मसुदा सरांनी स्वतःच वर धरला. "यात काय चूक आहे सांग. 'श्री. किशनराव यांना सप्रेम नमस्कार. आपण आमचे माजी सहकारी आहात.' सहकारी! शिपायाला सहकारी कोण म्हणतं? मी म्हणतो. बाबूसिंगच्या रांगेत बसवलं मी त्यांना."

"कुणी सांगितलं त्यांना त्या रांगेत बसायचंय म्हणून?"

"म्हणजे?"

"सर, तुमी पहिलीत होता तवा त्यांना काय म्हणायचे?"

सरांनी वर धरलेला कागद खाली केला.

"वस्तीत सगळी लेकरं काय म्हणायची?"

"मामा," सर म्हणाले. "किशनमामा."

"अन् हेडमास्तर होऊन आले तवा?"

बाहेर एका जीपवाल्यानं "सेनगाव, सेनगाव" म्हणून ओरडायला सुरुवात केली. सरांनी तिकडं बघितलं, जणू त्यांनाच बोलावलं होतं.

ही गोष्ट वाडीवर सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं. धम्मदीप याच शाळेत शिकला. पुढं मास्तर झाला, बाहेर नोकरी केली आणि सहा वर्षांपूर्वी मुख्याध्यापक होऊन याच शाळेत परत आला. वस्तीनं हार घातला. किशनरावांनी स्वतः खुर्ची पुसली. त्या दिवसापासून ते त्याला 'सर' म्हणू लागले, 'तुमी' म्हणू लागले, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पोरगं खुर्चीवर बसलं, खुर्चीला मान द्यायचा असतो. आठवड्यानं तपासणीला साहेब आले. ऑफिसात सगळे बसलेले. आणि धम्मदीप सरांनी दाराकडं न बघता हाक मारली, "किशन, पाणी आण रे."

किशनरावांनी पाणी आणलं. ट्रेमध्ये, वर रुमाल झाकून.

"करुणा, आधीचे सगळे हेडमास्तर तसंच म्हणायचे," सर हळू आवाजात म्हणाले. "साहेब समोर. मी खुर्चीवर बसून 'मामा' म्हणलो असतो तर साहेब म्हणाला असता, हे तर वस्तीतलं पोरगं हाय. ह्याचा धाक काय ऱ्हाणार? एकदा तोंडातून गेलं. मग दुसऱ्या दिवशी 'मामा' कसं म्हणू? तिसऱ्या दिवशी? साडेचार वर्षं गेली अशीच."

"अन् निरोपाच्या दिवशीही तेच म्हणले. माइकवर. 'किशननं कधी नाही म्हटलं नाही.'"

"तू होतीस तिथं?"

"मी होते. कार्डही मीच छापलं होतं."

तिनं ड्रॉवर ओढला. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत एक कार्ड होतं. निरोप समारंभाचं. सगळी नावं ओळीनं. 'श्री.', 'सौ.', 'सर', 'मॅडम'. साहेबांच्या नावामागं 'माननीय'. आणि मधोमध, ज्याचा समारंभ त्याचं नाव, 'किशन (शिपाई)'.

"तुमच्या ऑफिसातून कागद आला तसा उमटवला," करुणा म्हणाली. "शंभर कार्डं. एकदाही बोट अडलं न्हाई माझं. बापाचं नाव होतं, दादा. मी प्रूफ तपासलं, समारंभातला अनुस्वार बघितला, अन् बापाचं नाव नुसतं बोडकं जाऊ दिलं."

'सर'चं 'दादा' झालं, हे तिच्याही ध्यानात आलं नाही.

"ते काही बोलले?"

"बाबा? न्हाई. कार्ड घरी नेलं, बाबासाहेबांच्या फोटोमागं न्हाई ठेवलं, धान्याच्या कोठीवर टाकलं. मीच उचलून आणलं. त्या दिवसापासून शाळेकडं पाय न्हाई त्यांचा. शेतात जाताना वढ्याकडून फिरून जातेत, पाऊण कोस जास्ती. पण सकाळी घंटा झाली की घड्याळ बघतेत. आई सांगती. म्हणतेत, 'दोन मिनटं उशीर.' रोज. रोज दोन मिनटं उशीर."

धम्मदीप सरांना हसू आलं आणि ते त्यांनी गिळलं. "खरंच उशीर होतो," ते म्हणाले.

"आता सांगा, हे पत्र आपण सहकाऱ्याला लिहून राहिलो का वडीलधाऱ्याला?"

"पण करुणा, शाळेचं पत्र आहे. लेटरहेडवर मामा कसं लिहू?"

"मग लेटरहेड बाजूला ठेवा. कोरा कागद घेऊ. 'आपण' लिवलं तर ते म्हणतील, खुर्ची बोलून राहिली. 'तू' तर तुमी आधीच म्हणून बसले. मधलं ऱ्हायलं, ते लिवा. 'तुम्ही'. घरातल्या मोठ्या माणसाला म्हणतेत ते."

सरांनी लेटरहेड घडी करून पिशवीत घातलं. खिशातला शिक्का, शाईची डबी आणि पेन काढून टेबलावर ठेवले.

"मायना सांग," ते म्हणाले. "आमच्या पुस्तकात वडीलधाऱ्यांना 'तीर्थरूप' आणि 'साष्टांग नमस्कार' दिलंय."

"पुस्तकात असू द्या. बाबांनी तीर्थ कधी केलं न्हाई अन् कुणाला आडवं पडू दिलं न्हाई. आपल्या घरात जे चालतं ते. 'आदरणीय किशनमामा, सविनय जयभीम.'"

"सप्रेम नको?"

"सप्रेम बरोबरीच्याला. मोठ्याला सविनय."

कळा वाजू लागल्या. सर सांगत होते, करुणा टाइप करत होती. मध्येच ती थांबायची, "'उपस्थित राहावे' नको, ती तर नोटीस झाली," आणि सर दुसरं शोधायचे. एकदा 'आपल्या शाळेची घंटा' असं आलं तेव्हा सरांनी स्वतःच विचारलं, "हे 'आपल्या' खोडू?" करुणा म्हणाली, "हे ऱ्हाऊ द्या. शाळा दोघांचीही हाय."

मग एक जागा आली जिथं सर बोलेचनात. करुणानं वाट बघितली. झेरॉक्सला आलेल्या एका बाईला हातानंच 'थोड्या वेळानं या' म्हणून परत पाठवलं.

"लिहायलाच पाहिजे का ते?" सरांनी विचारलं.

"मी काय सांगू. पत्र तुमचं हाय."

"कार्डात तू चुकलीस ते तू बापाला सांगितलंस?"

करुणाची बोटं थबकली. "न्हाई," ती म्हणाली. "तोंडातून न्हाई निघत."

"बघ."

पडद्यावर काळी रेघ उघडमीट करत होती.

"लिही," सर शेवटी म्हणाले. आणि सांगितलं.

प्रिंटरनं कागद ओढला, कुरकुरला, बाहेर टाकला. करुणानं तो सरांच्या हातात दिला. "वाचा. मोठ्यानं."

सर स्टुलावर होते, पाठ दाराकडं. त्यांनी घसा साफ केला.

"आदरणीय किशनमामा, सविनय जयभीम. सोमवारी सकाळी दहा वाजता नव्या इमारतीत पहिली घंटा व्हायची आहे. घंटेचा जुना रूळ तिथं नेऊन टांगला आहे. आपल्या शाळेची घंटा तेहतीस वर्षं तुम्ही दिली. ही पहिली दुसऱ्या कुणी द्यावी असं मला वाटत नाही."

नेमकं तेव्हाच दारातला उजेड थोडा कमी झाला. करुणानं मान वर केली. किशनराव उभे होते. बाजाराचा दिवस होता आणि बाजाराच्या दिवशी ते लेकीसाठी डबा घेऊन येतात, हे आज ती विसरली होती. एका हातात डब्याची पिशवी, आणि डोळ्यांनीच त्यांनी लेकीला खुणावलं, वाचू दे. 

"पहिलीत मी रडत होतो," सर वाचत होते, "तेव्हा तुम्ही मला कडेवर उचलून माझ्या हातात हातोडी दिली होती. पुढं मी मुख्याध्यापक झालो आणि चार माणसांत तुम्हाला..." ते अडले. कागद जवळ नेला, पुन्हा लांब धरला. "तुम्हाला नावानं हाक मारली. एकदा नाही, साडेचार वर्षं. ते चुकलं, मामा. तुम्ही यावं. कमलमामींनाही आणावं. तुमचा, धम्मदीप."

"अडलं," सर म्हणाले. "एका ठिकाणी."

"तिथं अडायलाच पायजे," करुणा म्हणाली. तिचा आवाज चिरकला म्हणून सरांनी तिच्याकडं बघितलं, मग ती बघत होती तिकडं बघितलं.

ते ताडकन उठले. स्टूल आडवं पडलं.

"जयभीम, सर," किशनराव म्हणाले.

"जयभीम. बसा. इथं बसा." सरांनी स्टूल उभं केलं, त्यावरची नसलेली धूळ हातानं झटकली.

किशनराव बसले नाहीत. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, शिक्क्याशेजारी. "अंबाडीची भाजी हाय," ते लेकीला म्हणाले. "आई म्हनली गार करून खाऊ नको."

"बाबा," करुणा म्हणाली, "ते कार्ड... ते मी..."

"मालूम हाय," किशनराव म्हणाले. "मागं बारीक अक्षरात दुकानाचं नाव होतं तुझं. डबा खाय."

एवढंच. दीड वर्ष ती जे वाक्य घोळवत होती ते अर्ध्यावरच संपलं. ती डब्याच्या झाकणाशी उगाच खेळत राहिली.

किशनरावांनी हात पुढं केला. सरांना आधी कळलं नाही, मग त्यांनी पत्र दिलं. किशनरावांनी ते लांब धरून बघितलं. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. ओठ हलवत वाचतात. पहिल्या ओळीवर जरा जास्त वेळ थांबले. मग कागदाची चौघडी केली आणि सदऱ्याच्या खिशात सारली.

"रूळ कशानं टांगला?" त्यांनी विचारलं.

"तारेनं."

"कोणत्या?"

"बांधकामाची उरली होती ती. दुहेरी केली."

"अन् वाजवता कशानं?"

सरांनी मान खाली घातली. "हातोडी सापडत नाही. सळईनं वाजवतो."

"म्हनूनच आवाज फाटका येऊन राहिला," किशनराव म्हणाले. "दीड वरीस ऐकतो. वाटलं, रुळाला चीर पडली का काय." ते दारापर्यंत गेले, चपला पायात सरकवल्या, आणि तिथूनच वळून म्हणाले, "तार कापती, धम्या. लेकरं खाली खेळतेत. साखळी लाव. जाड घे, अन् आकडा वाकवून घे, नुसता अडकवू नको. समजलं का?"

सहा वर्षांत पहिल्यांदा.

सरांनी मान अशी हलवली, जशी पहिलीतली पोरं हलवतात, पूर्ण, खालीवर.

"मामा," मग ते कसंबसं म्हणाले, "सोमवारी याल ना?"

किशनराव पायरी उतरले. समोर लोखंडाच्या दुकानाबाहेर साखळ्यांची वेटोळी टांगलेली असतात. त्यातली एक त्यांनी चालता चालता हातात धरून बघितली, वजन घेतलं, सोडून दिली आणि दुसरी धरली.

करुणाची नजर टेबलावर गेली. शिक्का तिथंच होता, शाईची डबी तिथंच, आणि सरांचा पेन टोपणासकट.

"दादा, सही!"

"मामा!" धम्मदीप दारात जाऊन ओरडला. "सही राहिली माझी पत्रावर!"

किशनरावांनी खिशावर एकदा हात ठेवला. वळून न बघता ते बाजाराच्या गर्दीत चालू लागले.